साडी फोटोत डावीकडे वर गेलेली दिसते: पन्हा कमी आहे, नेसण्यात चूक आहे की फोटोत?

सायली_डोंबिवली

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात भावाचं लग्न आहे. त्यासाठी घेतलेली सहावारी पैठणी काल पहिल्यांदा पूर्ण नेसून बघितली, ब्लाउज, चपला सगळं घालून. भावाने समोरून पायापर्यंतचा फोटो काढला (फोटो १). आरशात बरी वाटली होती, पण फोटो बघून जीव खट्टू झाला. तीन गोष्टी खटकतात. डाव्या पायाचा घोटा दिसतोय, उजव्याचा नाही. निऱ्या खाली पंख्यासारख्या फाकल्या आहेत. आणि मी आहे त्याहून बुटकी दिसते, पाय आखूड वाटतात.

आईचं म्हणणं, दुकानदाराने कमी पन्ह्याची साडी दिली. बहीण म्हणते नेसायला चुकली. मला एवढंच विचारायचं आहे की या एका फोटोवरून दोष कशात आहे हे नक्की ओळखता येतं का? साडी परत करायची मुदत चार दिवसांत संपते, म्हणून घाई. उंची ५ फूट ३ इंच, चपलेची टाच दोन इंच.

---

रेवा

पदराची पिन फार वर लावली आहेस. पदर ताणला की सगळी साडी वर ओढली जाते, माझंही नेहमी असंच व्हायचं. पिन सोडून पदर दोन इंच खाली घे, सगळं जागेवर येईल. साडी सुंदर आहे, परत नको करूस.

---

कोकणकडा

फोटोत उंच दिसायचं असेल तर फोन जमिनीजवळ धरून खालून वर काढा. आमच्या घरातले सगळे लग्नाचे फोटो असेच काढतात, पाय लांब दिसतात.

---

सायली_डोंबिवली

@कोकणकडा, धन्यवाद, पण मला फोटोत छान दिसायचं नाहीये हो, साडी नीट बसली आहे का ते फोटोवरून ठरवायचं आहे.

---

मंदाताई_नाशिक

सायली, मी पंचवीसेक वर्षं नवऱ्या नेसवते आणि नेसायला शिकवते. हल्ली मुली परगावाहून फोटो पाठवून विचारतात, त्यामुळे फोटोतली साडी वाचायची सवय झाली आहे. घाईने दुकानात जाऊ नकोस, आधी फोटो नीट बघू.

पहिल्यांदा फोटोच तपासायचा, साडी नंतर. तुझ्या मागची दाराची चौकट बघ. तिच्या दोन्ही उभ्या रेषा खाली जाताना एकमेकींकडे झुकल्या आहेत. म्हणजे भाऊ उंच आहे, त्याने फोन स्वतःच्या डोळ्यांपाशी धरून खाली वाकवला. अशा फोटोत डोकं आणि खांदे मोठे येतात, पाय आखूड येतात. शिवाय वरून बघताना साडीच्या पुढे आलेली पावलं जास्त उघडी दिसतात. बुटकी दिसण्याचं कारण हे, त्यात साडीचा काही दोष नाही. तो मुद्दा सोडून दे.

पण वाकलेला फोन दोन्ही पायांना सारखाच वागवतो. डावीकडे जास्त आणि उजवीकडे कमी, हा फरक फोनने आणलेला नाही. तो खरा आहे आणि तो मोजता येतो.

मोजायला पट्टी फोटोतच आहे: साडीचा काठ. तुझ्या पैठणीचा काठ टेपने मोज, किती इंच भरतो ते सांग. मग फोटो संगणकावर मोठा करून पडद्यावर साधी पट्टी लाव. निऱ्यांवरच्या काठाची रुंदी किती येते आणि डाव्या-उजव्या बाजूला काठापासून जमिनीपर्यंत किती येतं ते बघ. चपलेच्या पुढच्या टोकापाशी नको मोजूस, टाचेच्या रेषेत मोज. बाकी मग बोलू.

---

उंचमाडी

पन्हा कमी असणं खरंच असतं हं, आईंना एकदम खोटं पाडू नका. माझी उंची ५ फूट ९ इंच. माझ्याकडची एक हातमागाची साडी मोजली तर पन्हा ४५ इंच भरला. टाच घातल्यावर माझी बेंबी जमिनीपासून साधारण ४४ इंचांवर येते. खोचायला उरतो एक इंच! चार पावलं चालले की निऱ्या बाहेर. मी कितीही नीट नेसले तरी फोटोत घोटे दिसतातच.

---

मंदाताई_नाशिक

@उंचमाडी, अगदी बरोबर, आणि तुझ्या फोटोत एक खूण नक्की असणार: घोटे दोन्ही दिसत असतील, सारखे. पन्हा कमी असला की काठ सगळीकडून सारखा वर राहतो. नेसून झाल्यावर उंच टाच घातली तरी तसंच होतं. एकच बाजू वर गेली असेल तर तो पन्हा नव्हे.

तुझ्यासाठी परकर बेंबीखाली दोन बोटं बांधणं हा एक उपाय आहे. दुसरा म्हणजे साडीच्या वरच्या, खोचायच्या कडेला त्याच रंगाची चार इंचांची पट्टी जोडून घेणं. ती परकराच्या आत जाते, बाहेर दिसत नाही.

---

सायली_डोंबिवली

मोजलं ताई! काठ प्रत्यक्षात ४ इंच आहे. पडद्यावर तो ३२ मिलिमीटर आला. डावीकडे काठापासून जमीन १६ मिलिमीटर, उजवीकडे ४ मिलिमीटर. म्हणजे डावीकडे दोन इंच आणि उजवीकडे अर्धा इंच, बरोबर ना? आणि साडीचा पन्हा टेपने ४६ इंच भरला.

---

मंदाताई_नाशिक

हिशोब बरोबर. टाच घालून तुझी बेंबी ४० इंचांच्या आसपास असेल. ४६ मधून ते गेले, काठ जमिनीपासून थोडा वर ठेवला तरी खोचायला सहा इंच उरतात. पन्हा तुला पुरून उरतो. आईला सांग, दुकानदाराची चूक नाही.

आता दीड इंचाचा फरक कुठून आला ते बघू. फोटोत कापडाची वळी कुठे सुरू होते आणि कुठे जाते ते मी बोटाने शोधते. कापडाला ओढ लागली की वळी नेहमी ओढणाऱ्या जागेकडे धावते. तुझ्या फोटोत शेवटच्या निरीच्या तळापासून तीन तिरप्या वळ्या निघतात आणि डाव्या कंबरेकडे चढत जातात. म्हणजे निऱ्यांनंतरचं कापड, जे डाव्या कुशीवरून पाठीमागे जाऊन उजव्या काखेखालून पदर होतं, ते ताणलेलं आहे. रेवाने म्हटलेलं इथपर्यंत खरं आहे, पदराला ओढ आहे.

पण रेवा, सगळं पदरावर टाकू नकोस. सायलीचा उजवा गुडघा बघ, निऱ्यांना आतून पुढे ढकलतोय. डावा खांदा किंचित खाली आहे. म्हणजे ती सगळा भार डाव्या पायावर देऊन उभी आहे. भार दिला त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि त्याच्याबरोबर परकर आणि साडीही वर जाते. या दीड इंचातलं पदराचं किती आणि उभं राहण्याचं किती, ते या फोटोवरून सांगता येणार नाही. मी सांगितलं तर तो अंदाज होईल.

दुसरा फोटो काढ. दोन्ही पायांवर सारखा भार, हात खाली सोडलेले. फोन तुझ्या बेंबीच्या उंचीवर, सरळ उभा, वाकवायचा नाही. दहा-बारा फूट लांब उभं राहून दुप्पट झूम करायला सांग. जवळून काढलेल्या फोटोत कडेला येणारं सगळं ताणलं जातं, आणि पावलं नेमकी कडेलाच असतात.

---

रेवा

गुडघ्याचं लक्षातच आलं नव्हतं. पण मग निऱ्या फाकल्यात त्याही गुडघ्यामुळेच का?

---

मंदाताई_नाशिक

काही अंशी. दुसरा फोटो आल्यावर बोलू.

---

सायली_डोंबिवली

भाऊ कामावर गेला, म्हणून कपाटाच्या आरशात स्वतःच काढला (फोटो २). ताई, आता उलटंच झालंय! आता उजवी बाजू वर दिसते.

---

कोकणकडा

आणि पदरही उजव्या खांद्यावर आलाय. तुम्ही या वेळी गुजराती पद्धतीने नेसलात का?

---

उंचमाडी

आरशातला फोटो आहे तो, बाजू उलटल्या आहेत. नथ बघा, तीही उजव्या नाकपुडीत दिसते. फोटो १ मध्ये डावीकडे होती.

---

मंदाताई_नाशिक

उंचमाडीने बरोबर पकडलं. गुजराती पद्धतीत पदर पाठीमागून उजव्या खांद्यावरून पुढे येतो आणि छातीवर पसरतो. इथे तो पुढून मागे गेला आहे, म्हणजे नेसणं नेहमीचंच आहे. वर दिसते ती डावीच बाजू.

पण सायली, हा फोटो मी तपासायला घेणार नाही. फोन धरायला तू हात उचललास, त्याबरोबर खांदा वर गेला, ब्लाउज वर गेला आणि पदराने साडी आणखी ओढली. ब्लाउजखाली जी दोन बोटं मोकळी जागा दिसते, ती फोटो १ मध्ये नव्हती. तेवढ्यावरून उद्या कुणी ब्लाउज आखूड शिवलाय म्हणेल. भाऊ येईपर्यंत थांब.

---

कोकणकडा

मंदाताई, मघाशी मी प्रश्नच चुकीचा समजलो होतो, क्षमा. आता माझंही सांगतो. पुतण्याच्या मुंजीसाठी सिल्कचा कुर्ता शिवून घेतला. बायकोने समोरून काढलेल्या फोटोत दोन्ही बाजूंची चाकं, म्हणजे खालच्या चिरा, उघडून आतला पायजमा दिसतो, आणि पुढची कड मधोमध वर उचललेली वाटते. शिंप्याचं म्हणणं, कापडच तसं आहे, इस्त्री केली की बसेल. बसेल का?

---

शिवणकर_सांगली

मी शिंपीच आहे, म्हणून बोलतो. इस्त्रीने नाही बसणार. सरळ उभं राहिल्यावर चाकाच्या दोन्ही कडा एकमेकींवर किंवा शेजारी शेजारी पडायला हव्यात. त्या फाकल्या म्हणजे चाक सुरू होतं त्याच्या वर, सीटवर म्हणजे पार्श्वभागावर, घेर कमी पडतोय. फोटोत त्या जागी आडव्या वळ्या आहेत का बघा. आडव्या वळ्या म्हणजे घट्ट. उभ्या सैल वळ्या असत्या तर घेर जास्त आहे असं म्हटलं असतं.

पुढची कड उचलली ती वेगळी गोष्ट. पोट थोडं पुढे असलं की कापड त्याच्यावरून जातं आणि पुढची लांबी कमी पडते. त्यासाठी बाजूनेही एक फोटो काढा. मागची कड जमिनीला समांतर आणि पुढची चढत गेलेली दिसली तर नक्की तेच.

बाजूच्या शिलाईत आत किती माया, म्हणजे जादा कापड, ठेवली आहे ते उलटा करून बघा. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच उसवता आला तर पुढच्या-मागच्या भागांची मिळून दोन इंच वाढ मिळते आणि चाकं मिटतात. पुढची लांबी मात्र तळाच्या दुमडीत कापड असेल तरच वाढेल.

---

कोकणकडा

आडव्या वळ्या आहेत, अगदी खिशांच्या खाली. माया पाऊण इंच आहे, आत्ताच उलटा करून बघितला. तळाची दुमड मात्र बारीक आहे.

---

शिवणकर_सांगली

मग बाजू उसवून घ्या. सगळा पाऊण इंच घेऊ नका, पाव इंच तरी शिलाईला राहू द्या, सिल्क सुटतं. पुढची कड थोडी वर राहील. मागून तेवढीच कापून समांतर करता येते, पण एकूण लांबी तुम्हाला चालते का ते आधी घालून ठरवा. मी असतो तर न कापता राहू दिली असती.

---

सायली_डोंबिवली

भाऊ आला. आज दोन फोटो काढले, दोन्ही सांगितल्याप्रमाणे लांबून, बेंबीच्या उंचीवरून. चौकटीच्या रेषा आता सरळ उभ्या आहेत, आणि पाय खरंच आखूड दिसत नाहीत!

फोटो ३: नेसणं तेच, फक्त दोन्ही पायांवर भार. काठाच्या मापाने डावीकडे सव्वा इंच, उजवीकडे पाऊण इंच.

फोटो ४: तिथेच उभी राहून खांद्यावरची पिन काढली, पदर दीड इंच पुढे सैल सोडला आणि परत पिन लावली. आता दोन्हीकडे पाऊण इंच.

---

मंदाताई_नाशिक

शाबास. आता उत्तर मिळालं. दीड इंचातला एक इंच उभं राहण्याचा होता आणि अर्धा इंच पदराचा. बघ, पहिल्याच फोटोवर विसंबून पदर दीड इंचाऐवजी चार इंच सोडला असता, तर समारंभात सरळ उभी राहिल्यावर डावी बाजू जमिनीला लागली असती आणि टाचेत अडकली असती.

रेवा, तुझा पदराचा अंदाज खरा निघाला, पण त्याचा वाटा एक-तृतीयांश होता. आणि पिन कुठे लावायची ते खांद्यावर बघून ठरवत जाऊ नकोस. आधी पदर खांद्यावर टाकायचा, मग डाव्या कुशीवरच्या वळ्या मावळेपर्यंत पुढे सोडायचा, आणि तिथे पिन.

पाऊण इंच मोकळं आहे ते पैठणीला ठीक. जरीचा काठ जमिनीवर घासला की आधी जर सुटते.

---

रेवा

हे वळ्या मावळेपर्यंत सोडणं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी नेहमी पदराचं टोक गुडघ्यापर्यंत यावं म्हणून तेवढाच मोजून पिन लावते.

---

मंदाताई_नाशिक

पदराची लांबी निऱ्या घालायच्या आधी ठरवायची. आधी पदर खांद्यावर टाकून हवा तेवढा सोडायचा आणि उरलेल्या कापडाच्या निऱ्या घालायच्या. निऱ्या आधी घालून पदर उरेल तेवढा घेतला की तो कमी पडतो, आणि मग माणूस ओढतोच.

---

सायली_डोंबिवली

मी अगदी तेच केलं होतं, आधी निऱ्या. बरं ताई, आता राहिला निऱ्यांचा प्रश्न. फोटो ४ मध्येही त्या खाली फाकलेल्याच आहेत, पहिल्यापेक्षा कमी, पण आहेत.

---

मंदाताई_नाशिक

फोटो ४ मध्ये त्या दोन्ही बाजूंना सारख्या फाकल्या आहेत आणि तिरप्या वळ्या गेल्या आहेत. म्हणजे वरून कुणी ओढत नाही, आतून ढकललं जातंय. निऱ्यांचे तळही बघितले. ते पायऱ्यांसारखे वरखाली असते तर खोचताना एकेक निरी कमीजास्त गेली म्हटलं असतं, पण ते एका रेषेत आहेत.

मला परकराचा संशय आहे. घेरदार, कळ्यांचा आहे का? आणि कडक सुती? तसा परकर पैठणीच्या जड काठाखाली उभा राहतो आणि निऱ्यांना बाहेर लोटतो. कमी घेराचा मऊ परकर घालून बघ.

---

शिवणकर_सांगली

ताईंच्या आधी मी फॉल बघितला असता. फोटो ४ मोठा करून बघा, निऱ्यांवरच्या काठाला बारीक चुण्या आहेत आणि कड किंचित बाहेर वळली आहे. फॉल ताणून लावला की असं होतं. फॉल आखूड, साडी लांब, मग कड आक्रसते आणि निरी सरळ लोंबत नाही. परकर बदलून हे जाणार नाही.

---

मंदाताई_नाशिक

चुण्या मलाही दिसतात, पण नवी पैठणी घडीत राहिल्यावर जरीला अशी मोड येते. फॉल उसवायचा म्हणजे सुयांची भोकं रेशमावर राहतात. आधी परकर बदलून बघावं असं मला वाटतं, त्याला पैसे लागत नाहीत.

---

शिवणकर_सांगली

मान्य, क्रम तुमचा घ्या. पण घडीची मोड ठरावीक अंतरावर, साडीभर येते. या चुण्या फक्त फॉलच्या पट्टीत आहेत. पदराजवळच्या काठाला, जिथे फॉल नाही, तिथे नाहीत. सायलीताई, साडी पलंगावर सपाट पसरून काठाचा जवळून फोटो टाका, अर्धा फॉलवाला आणि अर्धा बिनफॉलचा. सपाट ठेवल्यावरही चुण्या राहिल्या तर परकराचा प्रश्नच येत नाही.

---

सायली_डोंबिवली

परकर कळ्यांचा आहे, कडक सुती, आईचा. म्हणजे ताईंचंही खरं असू शकतं. बहिणीचा मऊ परकर उद्या आणते आणि तोच फोटो परत काढते, त्याच जागी, त्याच उंचीवरून. सपाट काठाचाही टाकते. साडी परत करत नाहीये, आईला काठाचा हिशोब दाखवला, तिला पटला.

---

उंचमाडी

मी माझे जुने फोटो काढून बसले आहे. चारपैकी तीन साड्यांत दोन्ही घोटे सारखे. चौथीत फक्त डावा, आणि ती साडी मी "आखूड" म्हणून दोन वर्षं नेसलेच नव्हते.